बोली कोणती आणि भाषाबदल कोणता: कथेतील संवाद वाचताना

मराठी कथेवर इंग्रजीत लिहिलेले विद्यार्थ्यांचे निबंध तपासताना एकच गोंधळ मला वर्षानुवर्षे भेटतो. संवादात ‘व्हता’, ‘हाय’, ‘न्हाई’ दिसले की ती बोली, आणि इंग्रजी शब्द दिसला की ते कोड-स्विचिंग, म्हणजे बोलता बोलता केलेला भाषाबदल, अशी वाटणी करून विद्यार्थी मोकळे होतात. बोली म्हणजे काय हे मराठी वाचकाला सांगण्याची गरज नाही. ती अशुद्ध भाषा नसून तिला स्वतःचे व्याकरण असते, एवढे मान्य असले की पुरे. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत असले, तर तेही कोड-स्विचिंग नव्हे, कारण ती लेखकाने केलेली वाटणी आहे आणि कोणत्याही पात्राने तिथे काही बदललेले नसते.

खरी अडचण पुढे आहे. बोली हे पात्राचे नेहमीचे बोलणे असते, तर कोड-स्विचिंग म्हणजे त्या नेहमीच्या बोलण्यापासून त्या क्षणी घेतलेले वळण. म्हणून पात्राचे वाक्य प्रमाण मराठीशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. ते त्याच पात्राच्या इतर वाक्यांशी ताडून पाहावे लागते. समजा, एका कथेत तालुक्याच्या कचेरीत आलेली म्हातारी सुनेला सांगते, “म्या आठ दिसांमागं अर्ज दिला व्हता.” खिडकीपाशी गेल्यावर तीच म्हणते, “साहेब, मी अर्ज दिला होता. आठ दिवस झाले.” अर्ज मिळालाच नाही असे कारकून सांगतो, तेव्हा ती उसळते, “आरं, म्या तुज्याच टेबलावर ठिवला व्हता की!”

येथे बहुतेक निबंध ‘टेबल’वर बोट ठेवतात, आणि तेच चुकते. ‘टेबलावर’ या रूपाला मराठी प्रत्यय लागला आहे, शब्द घरचा झाला आहे आणि म्हातारीने तो काही साधण्यासाठी निवडलेला नाही. ‘डागदर’ किंवा ‘ठेसन’ यांचेही तसेच; ते उसने शब्द आता बोलीचेच झाले आहेत. बदल घडला आहे तो ‘म्या’चा ‘मी’, ‘व्हता’चा ‘होता’ आणि ‘दिसां’चा ‘दिवस’ होण्यात, आणि पुन्हा मागे जाण्यात. पहिल्या वळणाने ती कचेरीची भाषा उसनी घेऊन आपले म्हणणे ऐकण्याजोगे करू पाहते. दुसऱ्या वळणाने ‘साहेब’ गळून ‘आरं’ आणि ‘तुज्याच’ येतात, व कारकून तिच्या लेखी पोराच्या वयाचा होतो. इंग्रजीचा एकही शब्द न बदलता हे सारे घडते. बोलीतून प्रमाणभाषेत जाण्याला कोड-स्विचिंग म्हणावे का, अशी शंका ज्यांना येते त्यांनी लक्षात घ्यावे की ब्लोम आणि गम्पर्झ या अभ्यासकांचा १९७२चा गाजलेला अभ्यास नॉर्वेतील एका गावातल्या स्थानिक बोली आणि प्रमाण नॉर्वेजियन यांच्यातील अदलाबदलीवरच होता.

आता कारकून शेजारच्या सहकाऱ्याला म्हणतो, “फाइल पेंडिंग आहे. लेट हर वेट.” ‘फाइल पेंडिंग’ हे कचेरीतले रोजचे बोलणे आहे, त्याच्यावर परिच्छेद खर्चू नये. ‘लेट हर वेट’ मात्र संपूर्ण इंग्रजी वाक्य आहे आणि म्हातारीला कळू नये म्हणूनच ते इंग्रजीत आहे. उसना शब्द आणि वळण या दोहोंमधील सीमा नेहमीच इतकी स्वच्छ नसते. प्रत्यय हा एक पुरावा आहे, निकाल नव्हे.

छापील लेखनावर मात्र आंधळा विश्वास ठेवू नये. ऐकणारा, विषय किंवा मनःस्थिती यांपैकी काहीही बदललेले नसताना एकाच पानावर ‘होता’ आणि ‘व्हता’ दोन्ही आले, तर तो बहुधा लेखकाचा किंवा मुद्रितशोधकाचा ढिलेपणा असतो. वळण आहे असे म्हणायचे, तर त्याचे कारण प्रसंगात दाखवता आले पाहिजे. शक्य असल्यास दुसरी आवृत्तीही पाहावी.

इंग्रजी निबंधात मूळ वाक्य देवनागरीत, त्याखाली रोमन लिप्यंतर आणि मग साधे प्रमाण इंग्रजी भाषांतर द्यावे. म्हातारीच्या तोंडी लंडनच्या कामगारवस्तीची इंग्रजी घालण्याची हौस मला असह्य होते, कारण मग वाचकाला लंडन दिसते आणि ‘म्या’ व ‘मी’ यांतील अंतर दिसत नाही. ते अंतर भाषांतरानंतरच्या वाक्यात लिहूनच सांगावे लागते. कारकुनाच्या वाक्याचे संकट उलटे आहे: भाषांतरात सगळेच इंग्रजी झाल्याने त्याचे वळण नाहीसे होते. म्हणून मुळात इंग्रजीत असलेले शब्द तिरप्या अक्षरांत छापावेत आणि तसे केल्याचे पहिल्याच उताऱ्यापाशी नोंदवावे.