लोकल नेटवर्क की इंटरनेट: विंडोजचे अपडेट तुमच्या लाइनवरून नक्की कुणाकडे जातायत?

विंडोजमध्ये डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन नावाची सेटिंग आहे, २०१५ मध्ये विंडोज १० आलं तेव्हापासून, अपडेटच्या फायली दुसऱ्या कॉम्प्युटरांकडून घ्यायची आणि त्यांना द्यायची. ती चालू केली की खाली दोन पर्याय दिसतात आणि घाईत वाचलं तर दोन्ही सारखेच वाटतात. विंडोज ११ मध्ये एकावर `Devices on my local network` लिहिलंय आणि दुसऱ्यावर `Devices on the internet and my local network`. बरेच जण दुसरा निवडतात, कारण दोन्ही मिळतंय म्हणजे अपडेट लवकर येईल असं वाटतं. पण नेमका तोच पर्याय तुमचं अपलोड खातो, पहिला खात नाही.

आधी हे होतं कसं ते बघू. अपडेट उतरल्यावर त्याच्या फायली काही दिवस तुमच्या डिस्कवर कॅशमध्ये पडून असतात, आणि दुसऱ्या एखाद्या कॉम्प्युटरला तेच अपडेट हवं असलं की मायक्रोसॉफ्टची सर्व्हिस त्याला सांगते की या या मशीनकडे तुकडे आहेत, मग तो काही तुकडे मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून घेतो आणि काही तुमच्याकडून. टॉरेंट वापरलेल्यांना हे लगेच कळेल. तुमचे फोटो, डॉक्युमेंट वगैरे यात कुठेच जात नाहीत, फक्त मायक्रोसॉफ्टकडून आलेल्या फायलीच जातात, आणि घेणारा प्रत्येक तुकडा तपासून घेतो त्यामुळे मधेच कुणी भलतं काही घुसडेल ही भीतीही नको. प्रश्न सिक्युरिटीचा नाहीये, लाइनचा आहे.

लोकल नेटवर्कवाला पर्याय ठेवला तर ही देवाणघेवाण घरातल्या घरात होते. समजा घरात तीन लॅपटॉप आहेत आणि अपडेट ८०० एमबीचं आहे. एकाने ते इंटरनेटवरून घेतलं की बाकीचे दोघं त्यातलं बरंचसं घरच्या वायफायवरून उचलू शकतात, म्हणजे २४०० एमबीऐवजी जेमतेम एका कॉपीएवढा डेटा बाहेरून येतो. पाठवणाऱ्या लॅपटॉपचं अपलोड इथेही दिसतं, पण ते राउटरपर्यंत जाऊन तिथूनच परत फिरतं, प्रोव्हायडरच्या लाइनला हातही लागत नाही. मोजका डेटा असलेल्या घरात मला हा पर्याय खरंच चांगला वाटतो, उगाच घाबरून बंद करू नका.

इंटरनेटवाल्या पर्यायात मात्र तुमचा कॉम्प्युटर कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या कॉम्प्युटरला थेट तुकडे पाठवतो, आणि तेही तुमचं स्वतःचं अपडेट संपून गेल्यावरसुद्धा. म्हणून तर लोकांना संशय येत नाही, स्क्रीनवर काहीच चाललेलं नसतं. आता हिशोब करा: लाइनचं अपलोड २ एमबीपीएस आहे आणि संध्याकाळभरात ६०० एमबी बाहेर गेले. ६०० एमबी म्हणजे ४८०० मेगाबिट, भागिले २, म्हणजे २४०० सेकंद, पूर्ण ४० मिनिटं लाइन फुल. अर्धीच गती वापरली तर ८० मिनिटं, आणि त्या वेळात कुणाचा व्हिडिओ कॉल असेल तर त्याच्यासाठी उरतो १ एमबीपीएस, म्हणजे समोरच्याला तुमचा चेहरा धूसर दिसू शकतो.

आणि फक्त कॉलच नाही, डाउनलोडही मंदावतं, हे बऱ्याच जणांना खरंच वाटत नाही. डाउनलोड होताना तुमच्याकडून सतत छोट्या पोचपावत्या वरच्या दिशेने जात असतात, आणि अपलोड तुंबलं की त्या राउटरच्या रांगेत अडकतात, पावती उशिरा पोचली की समोरचा सर्व्हर पुढचा डेटा उशिरा पाठवतो. मग १०० एमबीपीएसचा प्लॅन असूनही पानं उघडायला वेळ लागतो आणि माणूस प्रोव्हायडरला फोन लावत बसतो. जुन्या तांब्याच्या तारेवरची ब्रॉडबँड किंवा सिमवर चालणारा राउटर असेल तर हे जास्त जाणवतं, कारण तिथे अपलोड मुळातच तोकडं असतं. दोन्ही बाजूंना सारखी गती देणाऱ्या फायबरवर कदाचित कळणारही नाही.

गोंधळाचं अजून एक कारण म्हणजे वरच्या बटणावर फक्त दुसऱ्यांकडून डाउनलोड करू द्यायचं का एवढंच विचारलेलं असतं, अपलोड त्याच्यासोबतच येतं. खाली अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये डाउनलोडची मर्यादा आणि अपलोडची मर्यादा वेगवेगळ्या आहेत, तिथे डाउनलोडची मर्यादा कमी करून अपलोड थांबत नाही. अपलोडसाठी टक्क्यांची एक मर्यादा आणि महिन्याची जीबीमधली एक मर्यादा आहे, आणि या दोन्ही इंटरनेटवरच्या अपलोडसाठी आहेत, घरातल्या देवाणघेवाणीला लागू नाहीत.

आपल्याकडे नक्की काय चाललंय ते बघायला Settings > Windows Update > Advanced options > Delivery Optimization इथे जा आणि अॅक्टिव्हिटी मॉनिटर उघडा, महिन्याभरात घरातल्या मशीनना किती गेलं आणि इंटरनेटवरच्यांना किती गेलं हे तिथे वेगवेगळं दिसतं. विंडोज १० मध्ये हे Update & Security च्या खाली सापडेल. फाइलनुसार बघायचं असेल तर पॉवरशेलमध्ये हे टाका:

```
Get-DeliveryOptimizationStatus | Select-Object FileId, BytesToLanPeers, BytesToInternetPeers
```

शेवटच्या रकान्यात शून्याच्या वर आकडा असेल तर ती फाइल तुमच्या लाइनवरून बाहेर गेलीये. आकडा फक्त मधल्या रकान्यात असेल तर ते घरातल्या घरातच गेलंय, तुमच्या लाइनला त्याचा त्रास नाही. टास्क मॅनेजरमध्ये शोधायला गेलात तर ही सर्व्हिस `svchost.exe` च्या आत लपलेली असते, त्यामुळे नावावरून पटकन ओळखू येत नाही, आणि लोक व्हायरस समजून फॉरमॅट मारायला निघतात.

हॉस्टेल किंवा पीजीत राहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. लोकल म्हणजे कोण हे ठरवताना सर्व्हिस बघते की कोणते कॉम्प्युटर एकाच पब्लिक आयपीवरून बाहेर पडतायत, आणि अख्ख्या हॉस्टेलचा आयपी एकच असू शकतो. म्हणजे तिथे लोकल पर्यायातही शेजारच्या खोलीतल्या अनोळखी पोराला तुकडे जाऊ शकतात. त्याने बाहेरची लाइन भरत नाही, पण आधीच गर्दी असलेल्या वायफायवर अजून भार येतो, तिथे ते मुख्य बटणच बंद केलेलं बरं.

बटण बंद केलं म्हणून अपडेट थांबत नाहीत, ते सरळ मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून येत राहतात. काही जण मात्र पुढे जाऊन `DoSvc` ही सर्व्हिसच डिसेबल करतात, ते करू नका, कारण डाउनलोडचं कामही तीच सर्व्हिस करते आणि मग स्टोअरमधली अॅप अडकायला लागतात. फोनच्या हॉटस्पॉटवर असाल तर त्या वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन Metered connection चालू करा. मग त्या कनेक्शनवरून दुसऱ्यांना अपलोड होत नाही, आणि घरच्या वायफायवर लोकल पर्याय तसाच चालू ठेवता येतो.