तेलुगू मृत्युपत्र सोलापूरच्या कोर्टात: भाषांतर परत का येतं?

सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकर घरांमध्ये आजोबांनी तेलुगूत लिहिलेलं मृत्युपत्र अजूनही निघतं. जिल्हा न्यायालयात कामकाज मराठीत आणि इंग्रजीत चालतं, त्यामुळे प्रोबेटच्या, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला मिळवण्याच्या, अर्जाला भाषांतर जोडावं लागतं. सोलापुरातल्या मिळकतीसाठी प्रोबेट घेणं कायद्याने सक्तीचं नाही. तरी वारसांत कुरबुर असली किंवा बँक अडून बसली की लोक कोर्टाची वाट धरतात. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं-पत्ते, मालमत्ता पत्रक, मिळकतीची किंमत आणि दोनपैकी निदान एका साक्षीदाराचं सत्यापन (तो हयात असेल आणि सापडत असेल तर), एवढं वकील जमवून घेतात. अडतं ते भाषांतरापाशी.

भारतीय वारसा कायदा, 1925 च्या कलम 277 प्रमाणे, त्या भाषेसाठी कोर्टाने भाषांतरकार नेमलेला असेल तर भाषांतर त्याचंच लागतं. म्हणून बाहेर पैसे मोजण्याआधी कोर्टाच्या कार्यालयात एवढं विचारून या. नेमलेला नसेल तर ती भाषा जाणणारी कोणीही व्यक्ती चालते, पण तिने खाली लिहून द्यायचं असतं: मूळ कागदाची भाषा आणि लिपी मी वाचतो, मला ती पूर्ण समजते, आणि हे भाषांतर खरं व अचूक आहे. यातला ‘लिपी’ हा शब्द नीट वाचा. आपल्याकडे घरात तेलुगू बोलणारे पुष्कळ, पण शाळा मराठीत झालेली. काकांकडून वाचून घ्यायचं आणि सही पुतण्याने ठोकायची, हा प्रकार उलटतपासणीत पहिल्या पाच मिनिटांत उघडा पडतो. नोटरीला तेलुगू येत नसेल तर त्याचा शिक्का फक्त सहीपुरता. भाषांतरकाराचं निवेदन त्याने भरून निघत नाही. आणि ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याने भाषांतर करू नये. कायद्यात तशी बंदी नाही, पण हरकत घ्यायला समोरच्याला आयतं निमित्त मिळतं.

आता मजकूर. समजा, आजोबांनी लिहिलंय: बायकोने घर ‘जीवितांतम अनुभविंचि’, म्हणजे हयातभर उपभोगावं, नंतर ते दोन्ही मुलांचं, मोठ्या मुलाने ‘पेद्दगा उंडि’ सगळं मार्गी लावावं, आणि मुलीला ‘पसुपु-कुंकुमा किंद’ दिलेला प्लॉट तिचाच.

‘पेद्दगा उंडि’ म्हणजे घरातलं मोठं माणूस म्हणून पुढे होऊन. भाषांतरकार उत्साहाने ‘मोठ्या मुलास व्यवस्थापक नेमले आहे’ असं लिहितो आणि मूळ कागदात नसलेली नेमणूक जन्माला घालतो. व्यवस्थापक म्हणजे मृत्युपत्र अमलात आणायला नेमलेला माणूस, आणि प्रोबेट फक्त मृत्युपत्रात नेमलेल्या व्यवस्थापकालाच मिळतो (कलम 222). ही नेमणूक स्पष्ट शब्दांत नसली, मजकुरावरून अपरिहार्यपणे निघत असली, तरी चालते. पण ती निघते की नाही हे कोर्ट ठरवणार. निघत नसेल तर अर्ज प्रोबेटचा नाही, मृत्युपत्र जोडून प्रशासनपत्राचा, म्हणजे मिळकतीचा कारभार पाहण्याच्या कोर्टाच्या अधिकारपत्राचा, करायचा (कलम 232). म्हणून इथे ‘कुटुंबातला वडीलधारा म्हणून राहून सर्व व्यवहार पार पाडावेत’ एवढंच लिहावं, आणि कोणता अर्ज लावायचा ते वकिलाने ते वाचून ठरवावं. बरेचदा अर्ज आधी टाइप होतो आणि भाषांतर त्याला जुळवून घेतलं जातं. तिथेच घोळ होतो.

‘पसुपु-कुंकुमा’चं ‘हळदीकुंकवासाठी’ झालेलं वाचून मराठी माणसाला संक्रांतीचं वाण आठवणार. तेलुगूत ते लग्नाच्या वेळी लेकीला दिलेल्या मिळकतीला म्हणतात. शिवाय ‘दिलेला’ हा भूतकाळ आहे: प्लॉट मृत्युपत्राने मिळत नाही, तो आधीच दिला असं आजोबा सांगताहेत. ते देणं कायद्याने पक्कं होतं का, हा वेगळा वाद, आणि तो भाषांतरकाराने सोडवायचा नाही. शब्द देवनागरीत तसाच ठेवावा आणि अर्थ पानाखाली टीप म्हणून द्यावा, मजकुरात मिसळू नये. बायकोच्या कलमात मात्र ‘तहहयात उपभोग’ हा चांगला मराठी शब्द हाताशी आहे. तो सोडून ‘पत्नीस घर दिले’ असं लिहिलं, तर कागदावर ती पूर्ण मालक होते आणि मुलांचं पुढचं वाक्य लोंबकळत राहतं.

खाडाखोड, समासात घुसवलेली ओळ, अंगठ्याचा ठसा, तो कुणाचा म्हणून शेजारी लिहिलेलं नाव, हे सगळं भाषांतरात दाखवावं लागतं. सही-साक्षीनंतर केलेला बदल पुन्हा सही-साक्षी झाल्याशिवाय चालत नाही (कलम 71), म्हणून ‘येथे शब्द खोडला आहे’ ही ओळ गाळली की लपवल्याचा संशय येतो. झेरॉक्सवर खोडलेलं आणि पुसट झालेलं सारखंच दिसतं. भाषांतरकाराला मूळ कागद दाखवा, आणि तो अर्ज दाखल करण्याआधीच दाखवा, कारण नंतर मूळ मृत्युपत्र कोर्टाच्या ताब्यात जातं.