पांढरा झब्बा, सावळा गाल

विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर ढोल-ताशा पथकाचे फोटो काढताना एक चूक हमखास होते. सावळ्या वादकाचा पांढरा झब्बा राखाडी येतो आणि चेहरा इतका काळवंडतो, की दाढी कुठे संपली आणि गाल कुठे सुरू झाला ते कळत नाही.

कॅमेऱ्यातला मीटर वस्तूवरून परत येणारा प्रकाश मोजतो आणि समोरचं सगळं मिळून मध्यम राखाडी असेल असं धरून चालतो. चौकटभर झब्बे दिसले की त्याला उजेड जास्त वाटतो आणि तो एक्स्पोजर घटवतो.

एक उदाहरण घेऊ. ढगाळ संध्याकाळ, आयएसओ 400, एफ/4. पूर्ण चौकट मोजून कॅमेरा शटर 1/500 सांगतो. आता स्पॉट मीटरिंग लावून फक्त गाल मोजला, तर तो 1/60 म्हणतो. हाही आकडा जसाच्या तसा घ्यायचा नाही, कारण त्याने सावळा गाल मध्यम राखाडीइतका उजळ होईल. माणूस गोरा करून दाखवणं ही माझ्या मते तितकीच मोठी चूक आहे. म्हणून एक स्टॉप खाली यायचं, म्हणजे प्रकाश निम्मा करायचा: 1/125. गडद वर्णासाठी हा अंदाज बहुतेक वेळा जमतो; वर्ण फारच गडद असेल तर दीड स्टॉप. इथे झब्बा गालापेक्षा तीन स्टॉप उजळ आहे, म्हणजे मध्यम राखाडीच्या दोन स्टॉप वर. तो पांढरा दिसेल आणि त्याच्या चुण्याही टिकतील.

1/500 वर काढून नंतर संगणकावर उजळलं तर? 1/125 ला सेन्सरवर चौपट प्रकाश पडतो आणि त्यामुळे चित्र दुपटीने स्वच्छ येतं. कमी प्रकाशातला गाल उजळताना त्यातले रंगीत ठिपकेही उजळतात. जेपेग असेल तर सावलीतला तपशील बहुधा आधीच गेलेला असतो. म्हणून कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो मोठा करून दाढीची कड आणि डोळ्यांखालची सावली तिथल्या तिथे पाहावी.

प्रकाशाचं आणखी एक गणित आहे. कोणत्याही त्वचेच्या पृष्ठभागावरून साधारण चार-पाच टक्के प्रकाश आरशासारखा परततो. उरलेला आत शिरतो, आणि गडद त्वचेत मेलॅनिन त्यातला बराचसा शोषून घेतं. त्यामुळे अशा चेहऱ्याचा उठाव बराचसा त्या चकाकीवर ठरतो. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश कपाळावर एकच पांढरा ठिपका उमटवतो आणि गाल अंधारातच राहतात. त्याऐवजी बाजूला, जमेल तितका जवळ, थर्माकोलचा मोठा पांढरा तक्ता धरला, तर त्याचं प्रतिबिंब गालाच्या हाडावर रुंद, मऊ पट्ट्यासारखं पसरतं. तक्ता पुढेमागे सरकवला की पट्टाही सरकताना दिसतो. तो गालावर नीट बसला की फोटो काढावा.

भर उन्हात मात्र नुसत्या एक्स्पोजरने भागत नाही. झब्ब्यावर ऊन आणि चेहऱ्यावर फेट्याची सावली असेल, तर फरक पाच-सहा स्टॉपवर जातो. अशा वेळी वादकाला इमारतीच्या सावलीत बोलवावं, नाहीतर तोच तक्ता समोरून धरून चेहऱ्यावर ऊन परतवावं.