फ्लोरेसचा ठेंगणा माणूस: बेटावर येऊन लहान झाला की लहानच आला?

इंडोनेशियातील फ्लोरेस बेटावर लियांग बुआ नावाची चुनखडीची मोठी गुहा आहे. 2003 साली माइक मॉरवुड, थॉमस सुतिक्ना आणि त्यांचे सहकारी तेथे उत्खनन करत असताना सुमारे सहा मीटर खोलीवर त्यांना एक लहानसा सांगाडा मिळाला. हाडे दगडासारखी टणक झालेली नव्हती; ती इतकी मऊ होती की जागेवरच वाळवून घट्ट केल्याशिवाय उचलता येत नव्हती. उंचीवरून तो सांगाडा लहान मुलाचा वाटावा असा होता, परंतु अक्कलदाढा उगवून झिजलेल्या होत्या, म्हणजे तो प्रौढाचा, आणि कमरेच्या हाडावरून बहुधा स्त्रीचा होता. तिची उंची सुमारे 106 सेंटीमीटर होती. कवटीच्या नंतर झालेल्या काटेकोर मोजणीनुसार तिच्या मेंदूचे आकारमान सुमारे 426 घनसेंटीमीटर, म्हणजे आपल्या मेंदूच्या एक तृतीयांशाहूनही कमी, भरले. 2004 मध्ये या मानवाला ‘होमो फ्लोरेसिएन्सिस’ हे नाव देण्यात आले.

इतका ठेंगणा माणूस नेमका एका बेटावरच सापडावा, याकडे जीवशास्त्रज्ञांचे लक्ष जाणे साहजिक होते. मुख्य भूमीपासून तुटलेल्या बेटांवर मोठे सस्तन प्राणी पिढ्यानपिढ्या लहान होत जातात आणि उंदरांसारखे छोटे प्राणी बऱ्याचदा मोठे होतात, हा कल 1964 साली ब्रिस्टल फॉस्टर यांनी मांडला होता. सिसिली बेटावर एके काळी जेमतेम एक मीटर उंचीचे हत्ती राहत होते, आणि त्यांचे पूर्वज मात्र युरोपच्या मुख्य भूमीवरचे सुमारे चार मीटर उंचीचे हत्ती होते. फ्लोरेसवर तर हा प्रकार दोनदा घडलेला दिसतो. तेथे स्टेगोडॉन या हत्तीच्या नातलगाची एक खुजी जात सुमारे नऊ लाख वर्षांपूर्वी नाहीशी झाली. तिच्यानंतर मोठ्या आकाराची दुसरी जात तेथे पोहोचली आणि कालांतराने तीही लहान झाली.

असे का घडते याचे एक उत्तर वारंवार दिले जाते: बेटावर अन्न कमी, म्हणून प्राणी लहान होतात. हे चूक नसले तरी अर्धवट आहे, कारण अन्नाची टंचाई थेट कोणाच्याही वारशात उतरत नाही. ज्यांच्या शरीराला मुळातच कमी अन्न पुरते, ते दुष्काळी वर्षात तग धरतात आणि त्यांची पिल्ले जगतात. निवड होते ती अशा एकेका जीवाची. शरीराची ऊर्जेची गरज वजनाच्या प्रमाणात सरळ वाढत नाही. ती साधारणपणे वजनाच्या तीन चतुर्थांश घातानुसार वाढते. त्या हिशेबाने 60 किलोच्या शरीराच्या तुलनेत 30 किलोच्या शरीराला निम्मे नव्हे, तर सुमारे 60 टक्के अन्न लागते. म्हणजेच किलोमागे लहान प्राणी अधिक खातो, पण दिवसाकाठी त्याला लागणारा एकूण घास बराच लहान असतो, आणि दुष्काळात महत्त्व या एकूण घासालाच असते. त्यातच बेटावर मोठे शिकारी प्राणी बहुधा नसतात, त्यामुळे धिप्पाड देहाने मिळणारे संरक्षण निरुपयोगी ठरते. (फ्लोरेसवर कोमोडो ड्रॅगन होते, तेव्हा ही दुसरी अट तेथे पूर्णपणे लागू होती असे म्हणता येत नाही.)

हा बदल किती वेगाने होऊ शकतो, हे जर्सी बेटावरील हरणांच्या जीवाश्मांवरून समजते. दोन हिमयुगांमधील उबदार काळात समुद्राची पातळी वाढून जर्सी फ्रान्सच्या भूमीपासून तुटले, आणि तेथे अडकलेल्या लाल हरणांचे वजन सुमारे सहा हजार वर्षांत पूर्वजांच्या एक षष्ठांशावर आले. उत्क्रांतीच्या मोजमापात हा काळ अगदी थोडा आहे.

फ्लोरेसच्या माणसाबाबत मात्र एक अडचण होती. जावा बेटावर राहणारा होमो इरेक्टस हा त्याचा पूर्वज मानला, तर शरीराबरोबर त्याच्या मेंदूचेही आकारमान निम्म्यावर किंवा त्याहून खाली आले असले पाहिजे. एकाच जातीतील लहानमोठ्या व्यक्तींची तुलना केली, तर शरीर निम्मे झाल्यावर मेंदू थोडासाच घटतो. या आक्षेपातूनच हा सांगाडा नव्या जातीचा नसून मेंदूची वाढ खुंटलेल्या आजारी आधुनिक माणसाचा असल्याचे म्हटले गेले. पुढे 2009 मध्ये मादागास्करच्या नामशेष खुज्या पाणघोड्यांचा अभ्यास झाला. त्यांचा मेंदू केवळ देहाच्या आकारावरून अपेक्षित असलेल्या मापापेक्षा 30 टक्क्यांपर्यंत लहान असल्याचे आढळले. मेंदू हा खर्चिक अवयव आहे. आपल्या शरीराच्या विश्रांतीच्या काळातील ऊर्जेपैकी जवळपास पाचवा हिस्सा एकटा मेंदू वापरतो. जेथे काटकसर हाच जगण्याचा मार्ग आहे, तेथे ती या अवयवापर्यंत पोहोचली असेल, तर त्यात अशक्य असे काही नाही.

आजाराची शंका खऱ्या अर्थाने मागे पडली ती इतर हाडांमुळे. मनगटातील एका छोट्या हाडाचा आकार आधुनिक माणसासारखा नसून वानरांमध्ये आणि फार प्राचीन मानवांमध्ये दिसतो तसा पाचरीसारखा होता. पावलाची लांबी मांडीच्या हाडाच्या सुमारे 70 टक्के होती, जी आपल्यात 55 टक्क्यांच्या आसपास असते. मेंदूची वाढ थांबवणारा आजार मनगटाचे हाड लाखो वर्षे मागे नेत नाही. शिवाय सांगाड्यांचे वय सुरुवातीला सुमारे 18 हजार वर्षे मानले गेले होते; गुहेतील थरांची पुन्हा तपासणी झाल्यावर 2016 मध्ये ते 60 हजार ते एक लाख वर्षे असल्याचे स्पष्ट झाले.

पण याच मनगटाने आणि पावलांनी दुसरा प्रश्न उभा केला. इतकी प्राचीन वैशिष्ट्ये होमो इरेक्टसच्या वंशजात कशी आली? काही संशोधकांच्या मते फ्लोरेसवर पोहोचलेला पूर्वज होमो इरेक्टसहून जुना, होमो हॅबिलिससारखा होता आणि तो मुळातच ठेंगणा होता. तसे असेल तर बेटाने त्याला फारसे लहान केलेच नाही. दुसरीकडे, दातांच्या रचनेचा अभ्यास करणाऱ्यांना जावाच्या होमो इरेक्टसशी साम्य दिसते.

या वादात सर्वाधिक वजन आज माता मेंगे येथील शोधाला आहे. लियांग बुआच्या पूर्वेस असलेल्या या ठिकाणी सुमारे सात लाख वर्षांपूर्वीच्या थरात जबड्याचा तुकडा, काही दात आणि दंडाच्या हाडाचा खालचा भाग मिळाला. ते हाड इतके लहान होते की ते मुलाचे असावे अशी शंका रास्त होती, म्हणून त्याचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात आला. हाडाची आतली रचना प्रौढाची निघाली. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार त्या व्यक्तीची उंची सुमारे एक मीटर, म्हणजे लियांग बुआच्या स्त्रीहूनही थोडी कमी होती.

याचा अर्थ असा की देह लहान होण्याची क्रिया घडली असेल, तर ती सात लाख वर्षांपूर्वीच पूर्ण झाली होती, आणि त्यानंतर सहा लाख वर्षे तो आकार जवळपास तसाच टिकला. बेटावरील सर्वांत जुनी दगडी हत्यारे सुमारे दहा लाख वर्षांपूर्वीची आहेत, त्यामुळे बदलाला तीन लाखांच्या आसपास वर्षे मिळाली असावीत. जर्सीच्या हरणांच्या तुलनेत हा अवधी भरपूर आहे. माझा स्वतःचा कल होमो इरेक्टसच्या बाजूने आहे, कारण त्या काळी जवळच्या जावा बेटावर तोच राहत होता आणि दातांचा पुरावाही त्याच्याकडे झुकतो, पण मनगटाच्या त्या हाडाचे समाधानकारक उत्तर या बाजूकडे नाही. जनुकांवरून निकाल लावावा, तर उष्ण आणि दमट हवेत या हाडांमधून डीएनए मिळवण्याचे प्रयत्न यशस्वी झालेले नाहीत. पहिल्या आगंतुकांची उंची किती होती, हे दहा लाख वर्षांपूर्वीच्या थरातील एखादे हाडच सांगू शकेल, आणि त्या थरात आजवर फक्त हत्यारे सापडली आहेत.