मुक्कामोत्तर अभिप्राय-विनंती

मुक्कामोत्तर अभिप्राय-विनंती : पाहुण्याने हिशेब चुकता करून खोली सोडल्यानंतर यजमानाने त्याला मुक्कामाबद्दल खरेपणाने लिहिण्याची केलेली विनंती. ती कोणतीही गळ न घालता आणि लिहिण्याच्या बदल्यात काहीही देऊ न करता केलेली असावी लागते. ताडोबा, पेंच, नवेगाव-नागझिरा आणि मेळघाट या व्याघ्रप्रकल्पांच्या वेशीवरील गावांत घरगुती मुक्कामाची सोय वाढली, तशी ही प्रथा ग्रामीण विदर्भात रुळली. येथे मुख्यतः ताडोबाच्या भोवतालच्या गावांचा विचार केला आहे.

उगम : या प्रथेच्या उगमाबद्दल दोन मते मांडता येतात. पहिल्या मतानुसार तिचे मूळ शेरेबुकात आहे. इंग्रजी अमदानीतील डाकबंगल्यांत एक वही ठेवलेली असे. मुक्कामी प्रवासी तीत नाव, तारीख, भरलेले भाडे आणि काही सांगायचे असल्यास शेरा लिहून पुढे जाई. वनविभागाच्या विश्रामगृहांतून आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतून ही वही पुढे चालू राहिली, आणि ‘शेरा मारणे’ हा वाक्प्रचार गावोगावी माहीत आहे. या परंपरेवरून आजची विनंती म्हणजे शेरेबुकाचेच मोबाइलवरचे रूप, असे म्हणता येते.

दुसरे मत तिचा उगम इंटरनेटवरील व्यापारात शोधते. ईबे या लिलावाच्या संकेतस्थळावर 1996च्या सुरुवातीला खरेदीदार आणि विक्रेता यांनी एकमेकांबद्दल लिहिण्याची सोय झाली. 2000 साली स्थापन झालेल्या ट्रिपॲडव्हायझरमुळे तशीच पद्धत मुक्कामाच्या जागांना लागू झाली. ईबेवर पुढे एक अडचण उघड झाली. खरेदीदाराने वाईट लिहिले की विक्रेताही उलट वाईट लिही, आणि त्या धाकाने खरेदीदार गप्प बसत. 2008 मध्ये ईबेने विक्रेत्यांना खरेदीदाराबद्दल वाईट शेरा देण्यास मनाई केली. एअरबीएनबीने 2014 मध्ये वेगळा उपाय केला. तेथे दोन्ही बाजूंना चौदा दिवसांची मुदत असते, आणि दोघांनी लिहिल्यावर किंवा मुदत संपल्यावरच दोन्ही अभिप्राय एकदम उघडे होतात. या बदलाचा अभ्यास झाला तेव्हा परतफेडीच्या भावनेने लिहिणे कमी झालेले आणि गुण किंचित उतरलेले दिसले.

शेरेबुकाचे मत आपल्या मातीतले म्हणून आकर्षक आहे. तरी दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. शेरेबुक यजमानाच्या किंवा खानसाम्याच्या समोर, त्याच्याच छपराखाली लिहिले जाई. मुक्कामोत्तर विनंतीचे सारे वैशिष्ट्य ‘उत्तर’ या शब्दात आहे. पाहुणा निघून गेलेला असतो, यजमानाचा चेहरा समोर नसतो आणि हिशेब मिटलेला असतो. हे अंतर शेरेबुकात कधीच नव्हते.

भीड : ग्रामीण विदर्भात या अंतराला शहरी हॉटेलापेक्षा जास्त महत्त्व आहे, कारण येथील दडपण धाकाचे नसून भिडेचे असते. तीन खोल्यांच्या घरात घरधनीण स्वतः चुलीवर भाकरी थापते, वांग्याचे भरीत आणि पाटोडीचा रस्सा वाढते, ‘घ्या जी, अजून अर्धी घ्या’ म्हणून आग्रह करते. निघताना ती पाहुणीच्या कपाळी कुंकू लावते आणि लेकरांसाठी शिदोरी बांधून देते. त्याच क्षणी मुलाने मोबाइल पुढे करून ‘आमच्यासाठी दोन ओळी लिहून द्या’ म्हटले, तर पाहुणा पाच स्टार देऊन मोकळा होतो. कोणी खोटे बोलायला सांगितलेले नसते, पण खरे बोलण्याची वाटच बंद झालेली असते. ‘भीड ही भिकेची बहीण’ ही म्हण येथे दोन्ही बाजूंना लागू पडते: पाहुण्याचे तोंड बांधले जाते आणि यजमानाच्या पदरात उसने कौतुक पडते.

शिदोरीचे काय, असा प्रश्न रास्तपणे विचारला जातो. गूगलच्या नियमांनुसार अभिप्रायाच्या बदल्यात पैसे, सवलत किंवा फुकट वस्तू देऊ करणे निषिद्ध आहे, आणि केवळ खूश दिसलेल्या पाहुण्यांनाच लिहायला सांगणेही निषिद्ध आहे. शिदोरी ही पाहुणचाराची रीत आहे, ती कोणी सोडावी असे नाही. मात्र ती आणि विनंती एकाच वेळी हातात पडली, तर रीतीचा मोबदला होतो. म्हणून दोहोंत किमान एक दिवसाचे अंतर ठेवावे आणि विनंतीत शिदोरीचा उल्लेख टाळावा.

विनंतीचा मजकूर : एका घरातून व्हॉट्सॲपवर जाण्याजोगा नमुना असा:

‘नमस्कार. काल आमच्याकडून निघालात, घरी नीट पोचलात ना? मुक्काम कसा झाला ते लिहावंसं वाटलं तर खाली लिंक आहे. जे बरं वाटलं ते लिहा, जे खटकलं तेही लिहा. पुढच्या पाहुण्यांना दोन्ही कळायला हवं. लिहिणं नाही जमलं तरी हरकत नाही. हा मेसेज पुन्हा येणार नाही.’

यात स्टारचा उल्लेख नाही. ‘पाच स्टार द्या’ म्हणणे ही उघड मागणी झाली, पण ‘आवडलं असेल तर लिहा’ हेही तितकेच वाकडे आहे, कारण न आवडलेल्याला ते गुपचूप बाजूला काढते. ‘आमच्यासाठी’ऐवजी ‘पुढच्या पाहुण्यांना’ म्हटल्याने लिहिणाऱ्याचे ऋण यजमानाकडून अनोळखी वाचकाकडे वळते, आणि अनोळखी वाचकाशी खरे बोलणे सोपे असते. शेवटचे वाक्य तर पाळायचेच असते. तिसऱ्या दिवशी आठवण करून दिली की विनंतीचा तगादा होतो.

वेळ साधारणपणे दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळची धरावी. सकाळची सफारी आटोपून निघालेला पाहुणा त्या दिवशी प्रवासात असतो, आणि सफारीत वाघ दिसला की नाही यावर त्याचे सगळे मत तोललेले असते. वाघ न दिसल्याचा राग खोलीवर निघतो आणि दिसल्याचा आनंद गळक्या नळावरही पांघरूण घालतो. एक रात्र घरी झोपल्यावर दोन्ही थोडे निवळतात.

एक प्रसंग : कोलारा प्रवेशद्वाराजवळील एखाद्या गावात मे महिन्याच्या अखेरीस नागपूरचे चौघांचे कुटुंब दोन रात्री राहिले, असे धरू. दुसऱ्या रात्री दीड वाजता लाईट गेली. इन्व्हर्टरवर पंखा चालला, कूलर बंद पडला. सकाळी निघताना बाई म्हणाल्या, ‘सगळं मस्त होतं काकू.’ दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वरील मेसेज गेला आणि तिसऱ्या दिवशी चार स्टारचा अभिप्राय आला: ‘जेवण घरच्यासारखं. पण रात्री लाईट गेल्यावर कूलर बंद, पोरं झोपली नाहीत. मेमध्ये लहान मुलं घेऊन जात असाल तर आधी विचारा.’

काकूंना हे लागले, यात नवल नाही. तोंडावर एक आणि मागे दुसरे, असे त्यांना वाटले. खरे तर बाई दोन्ही वेळा खरेच बोलल्या होत्या, पहिल्यांदा काकूंशी आणि दुसऱ्यांदा पुढच्या आईशी. मुलाने खाली उत्तर लिहिले: ‘लाईट गेली होती. आमचा कूलर इन्व्हर्टरवर चालत नाही. मेमध्ये येणाऱ्यांना आता बुकिंगच्या फोनवरच सांगतो.’ अशा उत्तरात कारणे देत बसू नये आणि अभिप्राय काढून टाकण्याची विनंती करू नये. तशी विनंती केली की मुक्कामोत्तर अंतर मिटते आणि भीड परत येते.

छोट्या घराची अडचण : एका वाईट अभिप्रायाची भीती छोट्या घराला जास्त का वाटते, हे आकड्यांवरून कळते. चार जणांनी पाच स्टार दिले आणि पाचव्याने एक दिला, तर सरासरी 4.2 होते. हाच एक स्टार चोवीस पाचांच्या सोबत आला, तर सरासरी 4.84 राहते. ताडोबाचा गाभा 1 जुलै ते 30 सप्टेंबर बंद असतो, त्यामुळे तीन खोल्यांच्या घराकडे वर्षभरात मोजकेच अभिप्राय जमतात आणि निवडक पाहुण्यांनाच लिंक पाठवण्याचा मोह होतो. यावर उपाय उलटा आहे: निघालेल्या प्रत्येकाला, अपवाद न करता, तोच मजकूर पाठवणे. रागावलेला माणूस विनंतीशिवायही लिहितो. विनंतीने लिहिता होतो तो ‘ठीक होतं’ म्हणणारा मधला पाहुणा, आणि त्याच्या अभावानेच चित्र एकांगी होते.

मोबदल्याचा वाद : मोबदल्याने हा मधला पाहुणा लिहिता होत असेल तर काय बिघडले, असा एक पक्ष आहे. एअरबीएनबीवर झालेल्या एका प्रयोगात, अजून एकही अभिप्राय नसलेल्या जागांबद्दल लिहिणाऱ्यांना कूपन देण्यात आले. अभिप्राय वाढले आणि ते सरासरीने अधिक टीकात्मक निघाले. मोबदला म्हणजे नेहमी स्तुतीच विकत घेणे नव्हे, हे त्यावरून दिसते. परंतु तेथे कूपन मध्यस्थ कंपनी देत होती, त्यामुळे पाहुणा यजमानाचा मिंधा झाला नाही. घरमालकाने पुढच्या मुक्कामावर दोनशे रुपये सूट देऊ केली, तर देणारा आणि ज्याच्याबद्दल लिहायचे तो एकच होतो. या फरकामुळे यजमानाने मोबदला न देणेच योग्य ठरते. अमेरिकेत ऑक्टोबर 2024 पासून लागू झालेला नियम अनुकूल किंवा प्रतिकूलच लिहावे या अटीवर दिलेल्या मोबदल्याला मनाई करतो. गूगलचा नियम याहून कडक आहे.

भारतात भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर 2022 मध्ये ऑनलाइन ग्राहक-अभिप्रायांसाठी IS 19000:2022 हे मानक आणले. ते ऐच्छिक आहे आणि अभिप्राय गोळा करून प्रसिद्ध करणाऱ्या संस्थांना उद्देशून आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 नुसार विक्रेत्याने ग्राहक असल्याचे भासवून स्वतःबद्दल अभिप्राय लिहिणे निषिद्ध आहे. पुतण्याच्या मोबाइलवरून आपल्याच घराला पाच स्टार देणारा यजमान या नियमाचा हेतू मोडतो.

बिघाडाच्या खुणा : विनंती बिघडली आहे हे अभिप्रायांवरूनच ओळखू येते. ‘उत्तम जेवण, उत्तम सेवा’ ही एकच ओळ वेगवेगळ्या नावांनी येते. बरेचसे अभिप्राय चेकआउटच्या तासातलेच असतात. मे महिन्यातल्या कोणीही उकाड्याचे नाव काढलेले नसते. जिप्सीचालक किंवा गाइड परतीच्या वाटेवर पाहुण्यांना लिहायला लावत असेल, तर खोलीच्या अभिप्रायात त्याचे नाव वारंवार दिसते. अशा वेळी घरच्यांनी चालकाशी बोलून विनंती एकाच माणसाकडे ठेवावी.

मेळघाटात ही पद्धत तुरळक आहे. तेथील बऱ्याच गावांत रेंज नसते, आणि यजमानाने पाठवलेला मेसेज तो स्वतः परतवाड्याला किंवा धारणीला बाजाराला उतरेपर्यंत मोबाइलमध्येच पडून राहतो. आठवडी बाजाराच्या दिवशी मागच्या सर्व पाहुण्यांना एकदम मेसेज गेले तरी चालतात, मात्र त्यात ‘काल निघालात’ हे शब्द बदलून मुक्कामाची तारीख घालावी लागते.