सूर दुरुस्त करताना सरासरी फसवते

दुरुस्त केलेलं गाणं यंत्रासारखं वाटतं, कारण सुराबरोबर सुरापर्यंत यायची वाटही पुसली जाते. गायक स्वरावर थेट उतरत नाही. तो थोडा खालून येतो, स्थिरावतो, मग सेकंदाला पाच-सहा वेळा हेलकावतो आणि श्वास संपताना किंचित घसरतो. सूर आपोआप दुरुस्त करणाऱ्या ऑटो-ट्यून या सॉफ्टवेअरमध्ये Retune Speed, म्हणजे आवाज सुरावर ओढायला लागणारा वेळ, शून्यावर नेला की हे सगळं सपाट होतं.

एक स्वर घेऊ. गायचा होता 440 हर्ट्झचा, लांबी दीड सेकंद. पहिल्या 0.3 सेकंदात आवाज 270 सेंट खालून चढत येतो आणि मग 30 सेंट उतरलेलाच, म्हणजे सुमारे 432 हर्ट्झवर, थांबतो. (शंभर सेंट म्हणजे पेटीवरच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधलं अंतर.) पूर्ण स्वराची साधी सरासरी काढली तर तो 54 सेंट उतरलेला दिसतो. तेवढाच वर उचलला, तर ज्या भागावर कान टिकतो तो 24 सेंट चढा होतो. उतरलेला सूर कान बऱ्याचदा चालवून घेतो, चढलेला मात्र टोचतो.

म्हणून मोजमाप फक्त स्थिर भागाचं करावं. चढण संपते तिथे स्वर कापून पाहा, 30 चा आकडा मिळेल. मग कापलेला भाग पुन्हा जोडून अख्खा स्वर 24 सेंटच उचला. सहा सेंट तसेच राहू द्या, वाद्यांच्या सोबतीत ते जाणवणार नाहीत. स्थिर भाग एकटाच उचलला, तर सांध्यावर पायरी ऐकू येते.

सूर धरलेला असतानाच हळूहळू खाली सरकत असेल, तर तो दोष वेगळा. मेलोडाइन या दुसऱ्या सूर-दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी Pitch Drift आणि हेलकाव्यासाठी Pitch Modulation अशी दोन निराळी साधनं आहेत. पहिलं वापरा, दुसऱ्याला शक्यतो हात लावू नका. हेलकावा कमी झाला की गळ्यातला जीवच जातो.

तालातही अशीच फसगत होते. ‘सांज’ हा शब्द ठोक्यावर हवा असेल, तर पडद्यावर दिसणारी ‘स’ची सुरुवात ठोक्याच्या रेषेवर आणायचा मोह होतो. पण कानाला ठोका लागतो तो साधारण ‘आ’ सुरू होतो तिथे. ‘स’ 120 मिलिसेकंद लांब असेल, तर ‘सां’ तेवढाच उशिरा पडल्यासारखा वाटेल. ‘आ’ रेषेजवळ ठेवा आणि ‘स’ आधी येऊ द्या. शब्द लांबवायचा असेल तर ‘आ’ ताणा. ताणलेला ‘स’ पत्र्यावर घासल्यासारखा लागतो. त्याला निश्चित सूरही नसतो, त्यामुळे सुराच्या दुरुस्तीतूनही तो वगळावा.

एकटा आवाज ऐकत बसलं की हात थांबत नाही. आधी वाद्यांसह ऐका आणि जिथे कान अडतो तेवढेच स्वर उघडा.