‘पीए-फ्री’ लिहिलंय, पण लिव्हरचं काय?

अर्धशिशीवर ‘नॅचरल’ इलाज म्हणून बटरबरच्या गोळ्या आता बेळगाव, निपाणी, खानापूरच्या घरांतही दिसू लागल्या आहेत. कोणाचा मुलगा अमेरिकेहून येताना बाटली आणतो, कोणी ऑनलाइन मागवतं. बाटलीवर हिरवं पान असतं आणि बहुधा दोन शब्दही असतात: ‘पीए-फ्री’. घेणाऱ्याला वाटतं, काहीतरी विषारी होतं ते काढलंय, म्हणजे आता काळजी नाही. पहिली गोष्ट खरी असू शकते. दुसरी तिच्यातून निघत नाही.

बटरबर ही युरोपातली ओढ्याकाठी वाढणारी, भल्यामोठ्या पानांची वनस्पती. औषधासाठी तिचं जमिनीखालचं खोड, म्हणजे हळदीसारखा कंद वापरतात. त्यातले पेटासिन आणि त्याचे भाऊबंद अर्धशिशी रोखण्यात कामाला येतात असं मानलं जातं. त्याच कंदात पायरोलिझिडिन अल्कलॉइड नावाचं दुसरं रसायनकुळही असतं. पीए ते हेच. कीडकिड्यांपासून बचावासाठी झाड ते बनवतं.

हे पीए पोटात गेल्या गेल्या विष नसतं. लिव्हरमधलं एक एन्झाइम बाहेरच्या रसायनांचा निपटारा करायला बसलेलं असतं, आपण घेतो त्या कितीतरी औषधांचाही. ते पीएला हात घालतं आणि त्यातून एक अतिशय चिकट, कशालाही डसणारा रेणू तयार होतो. तो जिथे तयार होतो तिथेच चिकटतो, म्हणून मार लिव्हरलाच बसतो. आतल्या अगदी बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर सोलवटतं, वाहिन्या तुंबतात, रक्त पुढे सरकत नाही आणि पोटात पाणी साचू लागतं.

आपल्या देशाने हे पाहिलेलं आहे. 1970च्या दशकाच्या मध्यात सरगुजा जिल्ह्यात, तेव्हाच्या मध्य प्रदेशात आणि आजच्या छत्तीसगडात, माणसं फुगलेलं पोट घेऊन दवाखान्यात येऊ लागली. नोंदवलेल्या 67 रुग्णांपैकी 28 दगावले. शोध घेतला तेव्हा कारण त्यांच्या जेवणात सापडलं. तिथे खाल्ल्या जाणाऱ्या गोंदली या बारीक भरडधान्यात क्रोटालेरिया नावाच्या रानवनस्पतीचं बी मिसळलेलं होतं, आणि त्या बियांत पीए होतं. हे क्रोटालेरिया कुळ आपल्याला परकं नाही. उसाआधी हिरवळीच्या खतासाठी आपले शेतकरी जो ताग पेरतात, तो याच कुळातला. तो फुलोऱ्यावर आला की नांगरून गाडतात, शेंगा भरेपर्यंत ठेवत नाहीत. त्यामुळे त्याचं बी धान्यात येण्याचा प्रश्न सहसा येत नाही. सांगायचं एवढंच की पीए ही परदेशी भानगड नाही, आणि ‘झाडपाला आहे, त्याने काय होतंय’ या वाक्याला सरगुजाने पन्नास वर्षांपूर्वीच उत्तर दिलंय.

आता गोळीचा हिशेब. जर्मनीने 1992 मध्ये औषधी वनस्पतींसाठी मर्यादा घातली: सहा आठवड्यांपेक्षा जास्त काळ घ्यायचं असेल, तर दिवसाला 0.1 मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक पीए पोटात जाता कामा नये. अर्धशिशी रोखायचं औषध महिनोन्महिने घेतात, म्हणजे हीच मर्यादा लागू. समजा कोणी बटरबरच्या कंदाची नुसती पूड कॅप्सूलमध्ये भरून विकतोय, रोजचा डोस एक ग्रॅम. कंदात पीए किती, हे झाड कुठलं यावर ठरतं आणि ते फार बदलतं. आपण किलोला 50 मिलिग्रॅम धरू. एका ग्रॅमला झाले 50 मायक्रोग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या पाचशे पट. उलट नीट शुद्ध केलेल्या अर्कात पीए किलोला 0.08 मिलिग्रॅमच्याही खाली आणता येतं. अशा अर्काचे दिवसाला 150 मिलिग्रॅम घेतले तर पोटात जातात जेमतेम 0.012 मायक्रोग्रॅम, मर्यादेच्या आठव्या हिश्शाइतके. दोन्ही बाटल्यांवर नाव ‘बटरबर’च असणार.

चाचण्या झाल्या त्या या शुद्ध केलेल्या अर्काच्या, आणि त्यांचे आकडे वाईट नव्हते. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 75 मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा घेणाऱ्यांचे झटके चार महिन्यांत 48 टक्क्यांनी कमी झाले, नकली गोळी घेणाऱ्यांचे 26 टक्क्यांनी. 50 मिलिग्रॅमच्या डोसला मात्र स्पष्ट फरक दिसला नाही. अशा पुराव्याच्या जोरावर अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या अकादमीने 2012 मध्ये बटरबरला अर्धशिशी रोखण्यासाठी सर्वांत वरचा दर्जा दिला. इंटरनेटवरचे जुने लेख आजही तेच सांगत फिरतात. याच अकादमीने 2015 मध्ये ती शिफारस मागे घेतली, हे त्यांत नसतं.

मागे का घेतली? कारण लिव्हर बिघडलेल्या रुग्णांच्या नोंदी शुद्ध केलेल्या अर्कावरही आल्या. स्वित्झर्लंडने पेटाडोलेक्स हे अशाच अर्काचं जर्मन बनावटीचं औषध 2004 मध्येच बाजारातून काढलं. 2009 मध्ये जर्मनीतही त्याची परवानगी संपली. 2012 मध्ये ब्रिटनच्या औषध नियामकाने बटरबर घेऊ नका असं बजावलं तेव्हा जगभरातून अशा सुमारे 40 नोंदी जमल्या होत्या, आणि त्यांतल्या दोघांना लिव्हर बदलावं लागलं होतं.

या रुग्णांचं चित्र सरगुजासारखं नव्हतं, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. पीएचा मार मात्रेवर चालतो: जास्त गेलं की बहुतेकांना बाधतं, आणि रक्तवाहिन्या तुंबतात. इथे मात्र हजारोंनी घेतलं, त्यांतल्या मोजक्यांना तीव्र हेपटायटिससारखा आजार झाला. काविळीच्या साथीत दिसतो तसाच, फक्त विषाणू नाही. काही औषधं काही माणसांच्या अंगावर अशी उलटतात. कोणावर उलटणार ते आधी ओळखता येत नाही, आणि डोस बरोबर असला तरी सुटका नसते. म्हणजे पीए काढलं तरी हा दुसरा धोका बाटलीत राहू शकतो. ‘पीए-फ्री’ हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे, तेही लिहिणारा खरं लिहीत असेल तर.

चाचण्यांत हे का कळलं नाही, असं कोणी विचारेल. साधं गणित आहे. तीनशे लोकांना औषध दिलं आणि एकालाही त्रास झाला नाही, तरी खरा धोका शंभरात एक इतका असू शकतो, एवढंच त्यावरून म्हणता येतं. काही हजारांत एकाला होणारा त्रास दोन-तीनशे माणसांच्या चाचणीत बहुधा दिसतच नाही. तो औषध बाजारात गेल्यावरच दिसतो, आणि तेही कोणी कळवलं तर. अमेरिकेत बटरबर औषध म्हणून नव्हे तर आहारपूरक म्हणून विकलं जातं. 1994च्या कायद्याने तिथे अशी वस्तू विकण्याआधी ती सुरक्षित आणि गुणकारी असल्याचं सरकारला सिद्ध करून दाखवावं लागत नाही. भारतात अशा डब्यावर चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक असतो, पण तो खाद्यपदार्थाचा परवाना आहे. त्याने डोकं थांबेल किंवा लिव्हर शाबूत राहील असं तो परवाना म्हणत नाही.

हे प्रत्यक्षात कसं घडतं? समजा, निपाणीची चाळिशीतली एक बाई. महिन्याला सहा-सात वेळा डोकं उठतं, म्हणून तिने बटरबर सुरू केलं. अडीच महिने बरं चाललं. मग जेवण जाईना, मळमळ सुरू झाली. इथेच पहिली फसगत होते, कारण मळमळ तर अर्धशिशीतही असते. फरक ओळखायचा तो असा की ही मळमळ डोकं दुखत नसतानाही राहते, दिवसेंदिवस. पाठोपाठ लघवी चहासारखी गडद होते, अंगाला खाज सुटते, आणि एक दिवस जाऊबाई म्हणते, ‘वहिनी, डोळे पिवळे दिसताहेत की तुमचे.’ दिवस पावसाळ्याचे, गावात पाणी गढूळ. सगळे म्हणणार, पाण्याची कावीळ. कोणी काविळीचं झाडपाल्याचं औषध आणून देणार, म्हणजे आधीच सुजलेल्या लिव्हरवर आणखी एक अनोळखी काढा. ती मात्र डॉक्टरकडे गेली. एसजीपीटी, म्हणजे लिव्हर दुखावलं की रक्तात वाढणारं एन्झाइम, 900 आलं, एरवी ते चाळीसच्या आसपास असतं. हेपटायटिस ए, बी, सी, ई, सगळ्या तपासण्या निगेटिव्ह. ‘कुठली औषधं घेता?’ या प्रश्नावर तिने बीपीची गोळी सांगितली आणि डोक्यासाठी कधीमधी पॅरासिटामॉल. बटरबर नाही सांगितलं, कारण तिच्या लेखी ते औषधच नव्हतं.

या वाक्यावर निदान अडतं. बाटली दाखवली की डॉक्टर ती बंद करतात, पॅरासिटामॉल थांबवतात, आणि दर आठवड्याला एसजीपीटी, काविळीचं बिलिरुबिन आणि रक्त गोठण्याचा आयएनआर पाहतात. आकडे काही आठवड्यांत उतरत गेले तर संशय पक्का होतो. बहुतेकांचे उतरतात. आयएनआर वाढत गेला किंवा माणूस बरळू लागला, झापड येऊ लागली, तर लिव्हर हरत चाललंय असं समजायचं आणि थेट मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं. बरी झाल्यावर ‘बघूया तरी’ म्हणून तीच गोळी परत घेणं हा जिवाशी खेळ आहे. दुसऱ्या वेळी शरीर जास्त वेगाने उलटू शकतं. हा प्रकार 1800-180-3024 या सरकारी औषधसुरक्षा क्रमांकावर कळवता येतो, रुग्णालाही.

अर्धशिशीवर घेतलं जाणारं दुसरं रोप म्हणजे फीवरफ्यू. त्याची गोष्ट वेगळी आहे. त्याच्यावर लिव्हरचा ठपका नाही. त्याचा प्रश्न आहे बाटलीत नक्की काय आहे हा. पानांतलं पार्थेनोलाइड कामाचं मानतात. अमेरिकेतल्या गोळ्या 2002 मध्ये तपासल्या तेव्हा वेगवेगळ्या कंपन्यांच्या गोळ्यांत त्याचं प्रमाण दीडशे पटींपर्यंत मागेपुढे निघालं. एकीला गुण आला म्हणून दुसरीने दुसऱ्या कंपनीची गोळी घेतली, तर दोघींनी एकच औषध घेतलं असं म्हणता येत नाही. पुरावाही बेताचा आहे: 2015च्या एका मोठ्या आढाव्यात नकली गोळीपेक्षा महिन्याला अर्ध्या झटक्याहून किंचित जास्त फरक निघाला. पानं चावणाऱ्यांच्या तोंडात फोड येतात, बरेच महिने घेऊन एकदम बंद केलं तर डोकेदुखी उसळते, आणि गरोदरपणी ते घेऊच नये.

आपल्या भागासाठी आणखी एक. रस्त्याकडेला माजलेल्या गाजरगवताने, म्हणजे काँग्रेस गवताने, ज्यांच्या मानेला, कोपराच्या खोबणीत, पापण्यांना खाज आणि चट्टे उठतात, त्यांनी फीवरफ्यूपासून लांब राहिलेलं बरं. दोन्ही एकाच कुळातली. गाजरगवतातलं पार्थेनिन आणि फीवरफ्यूतलं पार्थेनोलाइड ही एकाच घडणीची रसायनं आहेत, आणि एकीला चिडलेली त्वचा दुसरीलाही चिडू शकते. शेतात भांगलायला जाणाऱ्या बायकांत ही अॅलर्जी नवी नाही. अर्धशिशीसाठी गोळी लिहून देताना किंवा मागवून घेताना हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, म्हणून तो आपणच सांगायचा.